माफीखालचं नाव

मंजिरी पांढरीपांडे हिच्या पोटात दुखायला लागून पाच महिने झाले होते, आणि त्या दुखण्याचं नाव होतं कौमुदी देशकर. वय पंचवीस, माहेर अमरावतीचं, हसली की समोरचा माणूस आपण कशासाठी आलो होतो ते विसरतो अशी. असल्या दुखण्यावर औषध नसतं. माणूस ते झाकायला बघतो, आणि चहाच्या कपापासून खुर्चीच्या आवाजापर्यंत सगळीकडून ते बाहेर पडतं.

गोल बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘पाठघर’ चालायचं. आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित-विज्ञान शिकवायचं, दर महिन्याला सराव परीक्षा घ्यायच्या. खाली दिवसभर परातींचा खणखणाट, वर बीजगणित. हे सगळं दिवाकर सरांनी शाळेची नोकरी सोडून उभं केलं होतं. तांत्रिक बाजू एकटा यशदीप बघायचा. आणि पालकांना जाणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक सूचना, प्रत्येक दिवाळीच्या शुभेच्छा गेली सहा वर्षं मंजिरी लिहायची. खाली ‘टीम पाठघर’ असं यायचं, तिचं नाव कधीच नाही. पण ती टीम म्हणजे आपण, हे तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तिचं छान चाललं होतं.

मग कौमुदी आली. मुलांना मोबाइलवर लॉगिनचा कोड जातो, त्या मेसेजचा मजकूर तिने पहिल्याच महिन्यात बदलून घेतला. पूर्वी नुसता आकडा जायचा. आता आकड्यानंतर, गाव हिंदी मुलखातलं म्हणून, हिंदीत एक ओळ असायची: ‘आराम से भरिए, हम यहीं हैं।’ एवढंच. पण पोरं ती ओळ एकमेकांना चिडवायला वापरू लागली, आया फोनवर त्यावरून हसू लागल्या, आणि दिवाकर सर एकदा चहा ढवळता ढवळता म्हणाले, “याच्यात जीव आहे हं.”

सहा वर्षांत मंजिरीच्या एकाही वाक्यात त्यांना जीव सापडला नव्हता. त्या दिवशी तिने पुरानी बस्तीतल्या घरी जाऊन नवऱ्याला विनाकारण दोन पोळ्या कमी वाढल्या.

मेसेजच्या मजकुराचं काय काय करावं लागतं, हे कौमुदीने एका मीटिंगमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मंजिरी त्या मीटिंगला मुद्दाम गेली नव्हती. डोकं दुखून राहिलं, असं सांगून ती बाहेरच्या खोलीत बसली होती. काल आलेल्या पोरीकडून आपण काय शिकायचं?

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी पाचला दहावीची मोठी सराव परीक्षा होती. तीनशे बारा मुलांनी नावं दिली होती. दुपारी दोनच्या सुमारास मंजिरी ऑफिसात एकटीच होती. सर्व मेसेज ज्या पानावर ठेवलेले असत ते पान तिने उघडलं. यशदीपने ते खास यासाठीच बनवलं होतं, की शब्द बदलायला कुणी त्याच्याकडे येऊ नये. तिला परीक्षेची वेळ तपासायची होती. पण त्याच पानावर, वरून तिसऱ्या चौकटीत, ती ओळ बसली होती. आज तीनशे बारा घरांत जाणार. परीक्षेच्या आधी, ऐन मोक्याच्या क्षणी, प्रत्येक पोराच्या डोळ्यांसमोर.

मंजिरीने ती ओळ पुसली आणि ‘सेव्ह’चं बटण दाबलं.

तिला वाटलं, कोड तर जाईलच. नुसता आकडा, पूर्वीसारखा. परीक्षा झाली की उद्या परत ठेवून देऊ, कुणाला कळतंय. तेवढ्या एका संध्याकाळपुरती ती ओळ कुणाला दिसू नये, एवढंच तिचं मागणं होतं. मत्सर फार थोडक्यात समाधान मानतो, म्हणून तर तो इतका टिकतो.

एरवी मुलं एकदा आत आली की लॉगिन तसंच राहायचं. परीक्षेला मात्र प्रत्येकाला नव्याने कोड घेऊनच आत यावं लागे, एका नावावर दोघांनी बसू नये म्हणून. पावणेपाचला दार उघडलं आणि दोन मिनिटांत पहिला फोन वाजला. मग दुसरा. मग तिन्ही फोन एकदम वाजू लागले. कोड येत नव्हता. तोवर दिवाकर सर, यशदीप, कौमुदी सगळे येऊन बसले होते. यशदीपच्या पडद्यावर प्रत्येक मेसेजपुढे ‘स्वीकारला’ असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं.

“सर, हमारी तरफ से तो सब जा रहा है,” तो म्हणाला. मराठी सगळी कळायची त्याला, पण तोंडातून हिंदीच निघायची.

“जाऊन राहिलं तर पोहोचून काहून नाही राहिलं?” सर म्हणाले.

सदतीस मुलांनी ईमेलवर कोड मागवला होता, ती तेवढी आत गेली. बाकीची दारातच. साडेपाचला सरांनी परीक्षा थांबवली. त्याच वेळी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीतल्या माणसाने यशदीपला फोनवर सांगितलं, की ‘स्वीकारला’ म्हणजे फक्त आमच्याकडे आला. पुढे पोहोचला की नाही ते दुसऱ्या यादीत बघा. यशदीपने ती यादी उघडली. सगळीकडे एकच शेरा: मजकूर नोंदीशी जुळत नाही.

त्याने कपाळाला हात लावला आणि सरांना समजावलं. असल्या प्रत्येक मेसेजचा मजकूर आधी मोबाइल कंपन्यांकडे नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नोंदवलेल्या मजकुरात फक्त कोडाचा आकडा बदलू शकतो, बाकी काही हललं तर मेसेज वाटेतच अडवतात. फसवणूक करणाऱ्यांसाठी केलेला नियम आहे. आणि आपल्या मजकुरातली शेवटची ओळ आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी निघालेली आहे.

मीटिंगमध्ये हेच सांगितलं असणार त्या पोरीने.

पाच पन्नासला यशदीपने ओळ परत घातली आणि कोड पोहोचू लागले. मग सरांनी तो प्रश्न विचारला, जो मंजिरी गेली वीस मिनिटं मनातल्या मनात ऐकत होती.

“काढली कोणी?”

“पता नहीं चलेगा सर. लिखने वालों का लॉगिन एक ही है, दोनों दीदी वही चलाती हैं. टाइम दिखता है, नाम नहीं.”

चोराच्या मनात चांदणं. मंजिरीने तोंड उघडलं, आणि खरं सांगायचं तर ते सांगण्यासाठी उघडलं की नाकारण्यासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं. पण त्याआधीच कौमुदी बोलली.

“मीच असेन सर. दोन वाजता मी घरून मोबाइलवर परीक्षेची आठवण टाकून राहिली होती, त्याच पानावर. बोट लागलं असेल, वरची चौकट उघडली असेल. छोटा स्क्रीन न. मले कळलंच नाही.” तिचा आवाज बारीक झाला होता. “सॉरी सर.”

मंजिरी टेबलावरच्या पेनांची टोपणं लावत होती.

“बरं,” सर म्हणाले. “जे झालं ते झालं. परीक्षा बुधवारी पाचला घेऊ. आठच्या आत पालकांना पत्र गेलं पाहिजे. मंजिरीताई, तुम्ही लिहा.”

पाच महिन्यांनी तिचा मान तिच्याकडे परत आला होता, विचारत विचारत, स्वतःच्या पायांनी. मनातल्या मनात मंजिरी म्हणाली, बघ, शेवटी जुनं ते सोनं. चूक कुणाची, हे आत्ता काढायची गरज नव्हती. पत्र महत्त्वाचं होतं. तिने लिहिलं: ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आजची परीक्षा स्थगित करण्यात आली आहे. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. टीम पाठघर.’ अर्थात हिंदीतून, आणि तिच्या मते भारदस्त हिंदीतून.

सरांनी वाचलं आणि चष्मा काढला.

“ताई, यात बिघडलं काय ते कुठे आहे? कोणाला त्रास झाला? पोरांनी आता करायचं काय? हे पत्र तर विजेच्या बिलामागेही छापता येईल.”

काय बिघडलं हे ती लिहूच शकत नव्हती. त्या वाक्यात ती स्वतः उभी होती.

“सर, मी एक लिहून ठेवलं आहे,” कोपऱ्यातून कौमुदी म्हणाली. “बघून घ्या, नाहीतर ताईंनी त्याचं काही करावं.”

ते पत्र मराठीत साधारण असं होतं:

‘नमस्कार. आज दहावीची सराव परीक्षा होऊ शकली नाही. चूक आमची आहे.

काय बिघडलं: लॉगिनचा कोड ज्या मेसेजने येतो त्याचा मजकूर मोबाइल कंपन्यांकडे नोंदवलेला असतो. दुपारी २.१० ला आमच्याकडून त्यातली एक ओळ निघून गेली. मजकूर नोंदीशी जुळला नाही म्हणून मेसेज अडवले गेले. आमच्या पडद्यावर ते गेलेले दिसत होते, म्हणून कारण सापडायला वेळ लागला. ५.५० पासून कोड पुन्हा येत आहेत.

कोणाला त्रास झाला: ३१२ पैकी २७५ मुलं आत येऊ शकली नाहीत. ३७ मुलं ईमेलच्या कोडाने आत आली, पण त्यांची परीक्षा मध्येच थांबवावी लागली. याच वेळात धडे बघायला आलेल्या २१ मुलांनाही कोड मिळाला नाही. कोणाचे गुण किंवा माहिती हरवलेली नाही.

पुढे काय: परीक्षा बुधवारी ५ वाजता होईल. ३७ जणांनी आजचे प्रश्न पाहिले आहेत, म्हणून प्रश्नपत्रिका सर्वांना नवी असेल. कोडाचा मजकूर आता कुलूपबंद केला आहे. तो बदलायचा तर आधी नवी नोंदणी होईल आणि दोन फोनवर चाचणी घेतली जाईल. मेसेज नाही आला तर ईमेलने कोड घेण्याचं बटण सर्वांना समोरच दिसेल.

तयारी करून बसलेल्या मुलांची आज संध्याकाळ वाया गेली. त्याबद्दल मनापासून माफी. ती ओळ माझ्या हातून निघाली.

कौमुदी देशकर, पाठघर’

“खाली नाव नको,” सर म्हणाले. “टीम लिही. तुले एकटीले कोणी बोललं तर?”

“बोलू द्या न सर. माझ्याच हातून झालं आहे. टीमने काय केलं?”

सर तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मंजिरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साडेसातला ते पत्र ईमेलने आणि दहावीच्या पालकांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेलं. सहा वर्षांत मंजिरीचं नाव ज्या घरांत गेलं नव्हतं, त्या घरांत ही पोरगी नावानिशी पोहोचली. तीही कशाच्या जोरावर? मंजिरीने केलेल्या चुकीच्या.

रात्रभर मंजिरी एका गोष्टीची वाट बघत होती, की सकाळी लोक चिडतील. पोरीला बोल लावतील, दोनचार जण नाव काढून घेतील, आणि मग सगळं आपोआप जागेवर येईल. मनातून तिला हे वाईट वाटत होतं. पण वाट बघणं काही थांबलं नाही.

सोमवारी दहाला ती आली तर दिवाकर सर उभ्या उभ्या मोबाइल वाचत होते. “ऐका ताई. ब्राह्मणपाऱ्यातली एक आई लिहिते, इतनी साफ बात आज तक किसी स्कूल ने नहीं बताई. हे दुसरं बघा. बेटी को पढ़कर सुनाया, कहा गलती ऐसे मानते हैं.” ते हसले. “एकाने तर लिहिलं, कौमुदी मैडम को डाँटिएगा मत. साठच्या वर उत्तरं आहेत. नाव फक्त एकाने काढलं.”

कौमुदी लाजून चूर झाली होती. “काही नाही हो सर, लोक चांगले आहेत.”

“या महिन्यापासून पालकांची सगळी पत्रं तूच लिही,” सर म्हणाले. मग त्यांना मंजिरी आठवली. “म्हणजे, तुम्ही बघालच ताई. वरून.”

वरून. ओळ कौमुदीची, पत्र तिचं, नाव तिचं, कौतुक तिचं, आणि आता चूकसुद्धा तिचीच. ज्या एका गोष्टीवर मंजिरीचा निर्विवाद हक्क होता, तीही त्या पोरीने वापरून टाकली होती आणि तिच्यावर साठ हार घालून घेतले होते. पश्चात्ताप वगैरे नंतरची गोष्ट. त्या क्षणी मंजिरीला आपली चूक परत हवी होती.

“ती ओळ मी काढली,” ती म्हणाली.

कौमुदीने मान वर केली. मग तिचे डोळे भरून आले. “ताई, तुम्ही काहून माझं आपल्या डोक्यावर घेऊन राहिल्या? कोणी रागावलं नाही मले. खरंच.”

आता ही आपल्याला मोठ्या मनाचीही ठरवणार. मंजिरीला ते सहनच होईना.

“डोक्यावर नाही घेऊन राहिली मी,” ती जवळजवळ ओरडलीच. “मीच काढली. दोन वाजता मी इथे बसली होती. बोटबीट नाही लागलं तुझं कुठे. ती ओळ मले सहन नव्हती होत, म्हणून काढली. सगळे तिचंच कौतुक करून राहिले होते. वाटलं, एक दिवस नाही दिसली तर काय बिघडते. आणि काल तू सॉरी म्हणत होती तेव्हा मी इथेच बसून होती, गप्प.”

खाली कुणीतरी पातेली एकात एक घालत होतं. यशदीपने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. कौमुदीच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच राहिलं, पण चेहरा बदलला. ती रागावली असती तर मंजिरीला बरं वाटलं असतं. ती फक्त खुर्चीत थोडी मागे सरकली, जसं आपण ओळखीच्या घरात अनोळखी माणूस निघाला की सरकतो.

“मंजिरीताई, ओळ काढली ते एक वेळ मी समजू शकतो. पण कालची संध्याकाळ?” दिवाकर सरांनी वाक्य पुरं केलं नाही. “दुसरं पत्र जाईल. त्याच गटांवर. तीनशे बारा घरांत या पोट्टीचं नाव चुकीचं गेलं आहे. तुम्ही लिहा आणि खाली तुमचं नाव घाला.”

“हव,” ती म्हणाली.

तिला वाटलं होतं जमणार नाही, पण दहा मिनिटांत लिहून झालं. एकही भारदस्त शब्द सापडला नाही आणि तिने शोधलाही नाही. ‘काल आपणाला आलेल्या पत्रात एक गोष्ट चुकीची होती. मेसेजमधली ओळ कौमुदी देशकर यांच्या हातून निघाली नव्हती. ती मी काढली, जाणूनबुजून, मजकूर नोंदवलेला असतो हे माहीत करून न घेता. काल विचारल्यावर मी सांगितलं नाही. परीक्षेला नाव दिलेल्या सर्व मुलांची आणि आपली मी माफी मागते. बुधवारची परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. मंजिरी पांढरीपांडे, पाठघर.’

सरांनी वाचलं, एक शब्दही बदलला नाही आणि पाठवून दिलं. सहा वर्षांत प्रथमच तिच्या लेखनाला त्यांनी हात लावला नव्हता. एवढ्यातही ते तिच्या लक्षात आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली.

मग ती मोबाइल समोर ठेवून बसली. अहो, माणसाचा स्वभाव. तिला उत्तरांची वाट होती. कौमुदीला साठ आली होती. आपल्याला शिव्या आल्या तरी चालतील, पण त्या आपल्या असतील, आपल्या नावाला असतील. वाचल्याच्या निळ्या खुणा भराभर वाढत होत्या. एक वाजला, दीड वाजला. कुणी काही लिहिलं नाही.

पावणेदोनला पहिलं उत्तर आलं. कालच्याच त्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आईचं. मंजिरीने घाईने उघडलं.

‘कौमुदी मैडम ठीक हैं न?’

त्याच्या खाली दुसरं आलं. ‘बेचारी ने बिना गलती के माफी माँग ली. हमारी तरफ से उनको नमस्ते कहिएगा.’ मग तिसरं, एका मुलाचं, बापाच्या फोनवरून: ‘कौमुदी दीदी को आपने सॉरी बोला क्या?’

मंजिरीने स्वतःचं पत्र परत उघडलं. वरून खालपर्यंत वाचलं. मुलांची माफी मागितली होती, पालकांची मागितली होती. तीनशे बारा घरांत सगळीकडे जाऊन आली होती ती. चार हातांवर, खिडकीजवळच्या टेबलाशी, कौमुदी बुधवारच्या परीक्षेची आठवण लिहीत होती आणि सकाळपासून तिने इकडे पाहिलं नव्हतं.

अजूनही पोटात दुखतच होतं. ते असं एका दिवसात जाणारं नव्हतं, हे मंजिरीला कळत होतं. ती उठली, खुर्चीचा आवाज झाला तो होऊ दिला, आणि त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कौमुदीने मान वर केली नाही.

“एक पोट्टा विचारून राहिला,” मंजिरी म्हणाली, “मी तुले सॉरी म्हटलं का म्हणून.” “त्याले काय लिहू?”

कौमुदीने टायपिंग थांबवलं. बोटं कीबोर्डवरच होती.

“म्हटलं नाही अजून, असं लिहा,” ती म्हणाली.

मंजिरीने बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली.